कोलोनोस्कोपीची तारीख मिळाली, आता पोट साफ कसे करायचे? उमरखेड ते नागपूर, दोन दिवसांचे वेळापत्रक

शौचावाटे रक्त जाते, वजन घटते किंवा रक्त तपासणीत हिमोग्लोबिन सारखे कमी येते, तेव्हा डॉक्टर कोलोनोस्कोपी सांगतात. म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक रुग्ण त्यासाठी यवतमाळ शहरात, सेवाग्राम-सावंगीला किंवा थेट नागपूरला जातात. प्रत्यक्ष तपासणी साधारण अर्ध्या तासाची असते. पण ती नीट होणार की पुन्हा यावे लागणार, हे आदल्या २४ तासांत ठरते.

आतडे एवढे स्वच्छ का लागते?

दुर्बिणीचा कॅमेरा आतड्याच्या भिंतीवरील काही मिलिमीटरची गाठही टिपू शकतो, पण ती मळाखाली झाकली गेली तर दिसत नाही. अशा गाठींना पॉलिप म्हणतात. त्यातील काही पुढे कर्करोगात बदलू शकतात आणि सापडल्या तर बहुतेक वेळा त्याच तपासणीत काढता येतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील काही पॉलिप चपटे असतात. ते सर्वांत सहज निसटतात.

औषध दोन भागांत देण्याचे कारणही हेच आहे. पूर्ण औषध आदल्या संध्याकाळी घेतले तर आतडे रात्री धुऊन निघते. पण पहाटेपर्यंत लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव उजव्या भागात उतरतो आणि भिंतीवर त्याचा थर बसतो. म्हणून अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे, ही पद्धत आता जगभर वापरली जाते. दुसरा भाग तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचा असतो.

खरी अडचण रस्त्याची

समजा, उमरखेड तालुक्यातील ५८ वर्षांच्या शेतकऱ्याला नागपुरात बुधवारी सकाळी ११ची वेळ मिळाली आहे. महिनाभर रक्त जात होते, मूळव्याध समजून त्यांनी दुर्लक्ष केले. त्यांना मधुमेह आहे आणि रक्त वाढवण्यासाठी लोहाची गोळीही सुरू आहे. उमरखेडहून महागाव, आर्णी, यवतमाळमार्गे नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पहाटेची एसटी धरली तर औषधाचा दुसरा भाग बसमध्ये घ्यावा लागेल आणि ते शक्य नाही. मग रुग्ण तो भाग सोडतो किंवा सगळे औषध रात्रीच संपवतो. आतडे अर्धवट साफ राहते ते इथेच.

उपाय म्हणजे प्रवास मंगळवारी सकाळी, पहिल्या भागाच्या आधीच, उरकायचा. रात्रीचा मुक्काम रुग्णालयाजवळ, खोलीला लागून संडास असेल अशा ठिकाणी. मुक्काम जमत नसेल तर वेळ घेतानाच दुपारची वेळ मागावी. दुपारच्या तपासणीसाठी काही डॉक्टर सगळे औषध त्याच दिवशी सकाळी देतात. पण हा बदल डॉक्टरांनी ठरवायचा, रुग्णाने नव्हे.

आठवडाभर आधी

लोहाची गोळी साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण तिने मळ काळा आणि चिकट होतो. इसबगोलही थांबवतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. ॲस्पिरिन बहुतेकदा सुरूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनचा निर्णय हृदयाचे डॉक्टर आणि तपासणी करणारे डॉक्टर मिळून घेतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, ज्यांची नावे 'ग्लिफ्लोझिन'ने संपतात, ३-४ दिवस आधी थांबवाव्या लागतात. म्हणून वेळ घ्यायला जाताना घरातील सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत.

आदल्या दिवशी काय खायचे?

या दिवशी चोथा नको, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. ज्वारीची भाकरी, अंबाडी, मेथी, वांगे, टमाटे, पेरू, सीताफळ, हरभरा, मोड आलेली कडधान्ये, जवस, तीळ आणि शेंगदाण्याची चटणी बंद. बिया आणि साली आतड्यात राहिल्या की दुर्बिणीची बारीक नळी तुंबते आणि साचलेले पाणी ओढून घेता येत नाही.

पांढरा भात, दही, भाजी न घातलेला रव्याचा उपमा, इडली, साल काढलेला उकडलेला बटाटा, अंडे चालते. वरण खायचे तर मुगाच्या डाळीचे, पातळ आणि गाळून. खर्रा आणि सुपारीही बंद. सुपारीचे कण आतड्यात सापडतात आणि सकाळी खर्रा चघळला असेल तर भूल देणारे डॉक्टर तपासणी पुढे ढकलू शकतात.

दुपारच्या जेवणानंतर फक्त आरपार दिसेल असे पातळ: पाणी, गाळलेले लिंबू सरबत, नारळपाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेले सूप. लाल किंवा जांभळे सरबत, बीटाचा रस, कोकम घेऊ नये. आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो. दूध आणि ताक आरपार दिसत नाही, म्हणून तेही नको. काही रुग्णालये आदला पूर्ण दिवस पातळावरच ठेवतात. तसे सांगितले असेल तर तेच पाळावे.

वेळापत्रक : तपासणी बुधवारी सकाळी ११ वाजता

मंगळवार सकाळ : उपमा किंवा इडली खाऊन नागपूरकडे प्रवास.

मंगळवार दुपारी १ : दहीभात. हे शेवटचे जेवण.

मंगळवार संध्याकाळी ६ : औषधाचा पहिला भाग. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे 'पेग'ची पुडी साधारणपणे २ लिटर पाण्यात विरघळवायची असते. त्यातील १ लिटर आता प्यायचे. दर १५ मिनिटांनी एक मोठा ग्लास, म्हणजे सुमारे पाव लिटर. असे चार ग्लास तासाभरात संपतात. उरलेले १ लिटर झाकून फ्रिजमध्ये किंवा थंड जागी ठेवायचे.

मंगळवार रात्र : जुलाब साधारण तासाभरात सुरू होतात, कधी दोन-तीन तासही लागतात. झोपेपर्यंत पातळ पदार्थ सुरू ठेवायचे.

बुधवार पहाटे ५.३० : उरलेले १ लिटर, त्याच गतीने. ७ पर्यंत संपवायचे.

बुधवार सकाळी ९ : यानंतर पाण्याचा घोटही नाही. पोटात पाणी असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

प्रत्येक औषधाचे प्रमाण वेगळे असते. कुणाला ३-४ लिटर द्रावण देतात, तर कुणाला छोटी बाटली आणि वर भरपूर पाणी. पुडी आणि चिठ्ठीवरचे प्रमाण बदलू नये. शेजाऱ्याच्या तपासणीतून उरलेले औषधही वापरू नये. विशेषतः सोडियम फॉस्फेटचे द्रावण म्हाताऱ्या माणसांना, किडनीच्या रुग्णांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घातक ठरू शकते. त्याने किडनीला कायमची इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

पोट साफ झाले, हे कसे ओळखायचे?

किती वेळा संडासला गेलो हे मोजून उपयोग नाही. शेवटचा रंग पाहायचा. सुरुवातीला घट्ट, मग गढूळ तपकिरी पाणी येते. शेवटी फिकट पिवळे, तळ दिसेल असे पाणी यायला हवे. त्यात एखाद-दुसरा बारीक कण असला तरी चालतो. दुसरा भाग संपून दोन तास झाले तरी गढूळ पाणी किंवा गुठळ्या येत असतील, तर रुग्णालयात पोहोचताच परिचारिकेला सांगावे. भूल देण्याआधी कळले तर एनिमा देता येतो किंवा वेळ पुढे सरकवता येते. लपवले तर तपासणी अर्धवट सोडावी लागते आणि अडीचशे किलोमीटरची फेरी पुन्हा करावी लागते.

बद्धकोष्ठाची जुनी सवय, दीर्घकाळचा मधुमेह, आधी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मागच्या वेळी पोट साफ न होणे, यापैकी काही असेल तर आधीच सांगावे. अशांना औषध वाढवून देतात.

नेहमीच्या शंका

उलटी झाली तर? अर्धा तास थांबावे आणि मग सावकाश पुन्हा सुरू करावे. द्रावण थंड करून, नळीने प्यायल्यास चव कमी लागते. मधे लिंबाची फोड चाटली तरी चालते. द्रावणातच साखर किंवा रस मिसळू नये. बहुतांश औषध उलटून पडले तर रुग्णालयात फोन करावा.

अशक्तपणा येईल का? पेगचे द्रावण शरीरातील पाणी फारसे ओढत नाही, दुसरी काही औषधे ओढतात. एप्रिल-मेच्या उन्हात बसने आलेला माणूस आधीच कोरडा पडलेला असतो. त्याने नुसते पाणी पिऊन भागत नाही. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणीही घ्यावे. किडनीच्या रुग्णांनी नारळपाणी विचारूनच घ्यावे.

मधुमेहाचे काय? जेवण नसताना नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन पूर्ण घेतले तर साखर एकदम उतरते. दोन्ही दिवसांचे प्रमाण चिठ्ठीवर लिहून घ्यावे. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच साखर घ्यावी आणि पोहोचल्यावर तसे सांगावे. रक्तदाबाची गोळी बहुतेकांना घोटभर पाण्यासोबत सकाळी घ्यायला सांगतात. लघवी वाढवणारी गोळी विचारून घ्यावी.

मासिक पाळी आली तर? तपासणी होऊ शकते. गर्भारपण असेल किंवा शंका असेल तर मात्र आधी सांगायलाच हवे.

दुखते का? गुंगीचे इंजेक्शन दिल्यास बहुतेकांना फारसे आठवत नाही. आतडे फुगवण्यासाठी हवा किंवा वायू सोडतात, त्यामुळे नंतर काही वेळ पोट फुगल्यासारखे वाटते. नुसत्या तपासणीत आतड्याला छिद्र पडण्याचा धोका साधारण हजारात एकापेक्षा कमी असतो. मोठा पॉलिप काढताना तो वाढतो. तुकडा तपासायला घेतला म्हणजे कर्करोगच निघाला, असे नाही.

लगेच परतता येते का? गुंगी दिली असेल तर २४ तास गाडी चालवू नये आणि एकट्याने प्रवास करू नये. सोबत नातेवाईक नसेल तर अनेक ठिकाणी तपासणी करतच नाहीत.

औषध थांबवून रुग्णालय कधी गाठायचे?

पोट ताठ फुगले आहे, जोरात दुखते आहे आणि शौच किंवा वायू सरत नाही, असे असेल तर पुढचा ग्लास घेऊ नये. आतड्यात अडथळा असू शकतो आणि वरून द्रव ओतत राहिल्यास धोका वाढतो. थांबत नसलेली उलटी, भोवळ किंवा भरपूर रक्त गेल्यासही सकाळची वाट पाहू नये. तपासणीनंतरच्या दिवसांत ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा रक्तस्राव झाला, तर उमरखेडहून नागपूरला निघण्याआधी जवळचे रुग्णालय गाठावे आणि तपासणीचा कागद दाखवावा.