सुरतेवरून गेलेली सावली

सूर्य हा प्रकाशाचा ठिपका नाही, रुंद तबकडी आहे. म्हणून चंद्रामागे सावलीचे दोन भाग पडतात. प्रच्छायेत सूर्याचा एकही बिंदू दिसत नाही. तिच्याभोवतीच्या उपच्छायेत त्याचा काही भाग दिसतो. 22 जुलै 2009 च्या सूर्यग्रहणात सुरत प्रच्छायेत होते, मुंबई उपच्छायेत.

प्रच्छाया हा निमुळता शंकू. चंद्राचा व्यास 3,475 किमी, सूर्याचा सुमारे 13,92,000, म्हणजे 400.6 पट. समरूप त्रिकोणांमुळे शंकूच्या टोकापासून सूर्यही चंद्राच्या 400.6 पट दूर असतो. मग सूर्य-चंद्र अंतर हे शंकूच्या लांबीच्या 399.6 पट झाले. त्या दिवशी ते अंतर सुमारे 15,16,50,000 किमी होते. भागाकार करा, लांबी 3,79,500 किमी.

प्रशांत महासागरात, जिथे सूर्य जवळजवळ डोक्यावर होता, तिथला पृष्ठभाग चंद्रापासून सुमारे 3,51,100 किमीवर होता. टोकाला 28,400 किमी उरले. पुन्हा तेच त्रिकोण: 3,475 × 28,400 ÷ 3,79,500, म्हणजे 260 किमी. ग्रहणाच्या नकाशांतला पट्टाही तिथे जवळपास एवढाच रुंद, आणि मला या जुळणीचा आनंद दरवेळी नव्याने होतो!

सुरतेत मात्र सूर्य नुकताच उगवला होता. क्षितिजालगतचा पृष्ठभाग चंद्रापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येइतका अधिक दूर, म्हणून तिथे शंकूचा छेद 200 किमीच्या आसपास. शिवाय तिरप्या किरणांमुळे जमिनीवरचा डाग वर्तुळ न राहता लांबट होतो.

चंद्र 3,90,000 किमीवर असता, तर टोक पृथ्वीपर्यंत पोहोचलेच नसते आणि ग्रहण कंकणाकृती दिसले असते.