जुन्या इमारतीचा जिना चढा

माझा भाचा पुण्यात फ्लॅट बुक करायला निघाला होता. नमुना फ्लॅट पाहून सूनबाई खूश होत्या. मी म्हटलं, याच बिल्डरच्या जुन्या इमारती बघू आणि मग चेक लिही.

माहितीपत्रकात 'पूर्ण झालेले प्रकल्प' म्हणून तीन नावं होती. महारेराच्या संकेतस्थळावर त्यांपैकी एकाची नोंद उघडली. नोंदणीच्या वेळी काम पूर्ण करायची तारीख दिली होती डिसेंबर 2019. सुधारित तारीख ऑगस्ट 2022. म्हणजे दोन वर्षं आठ महिने उशीर. मूळ मुदत कोविडच्या आधीच उलटलेली, त्यामुळे ती सबब इथे चालण्यासारखी नव्हती. बिल्डरवरच्या दाव्यांची माहितीही तिथेच असते, तीही वाचावी.

रविवारी सकाळी आम्ही त्या सोसायटीत गेलो. गेटवर पाण्याचा टँकर उभा. सेक्रेटरी भले गृहस्थ, त्यांनी चहा पाजून फाइल दाखवली. 'अ' आणि 'ब' इमारतींना महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र होतं, 'क'ला नव्हतं. तिथल्या लोकांना फर्निचर करून घ्या म्हणून किल्ल्या दिल्या आणि लोक राहायलाच आले. आर्किटेक्टचा काम झाल्याचा दाखला होता. पण तो म्हणजे भोगवटा नव्हे. बांधकाम मंजूर नकाशाबरहुकूम झालं आणि इमारत राहायला योग्य आहे, हे महापालिकेने मान्य केल्याचा कागद भोगवटाच. सातबाऱ्यावर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, कारण सोसायटीला कन्व्हेयन्स दिलेलं नव्हतं.

रहिवाशांना 'बिल्डर कसा आहे?' असं विचारू नये. ज्याला फ्लॅट विकायचाय तो वाईट सांगत नाही, ज्याचं भांडण चालू आहे तो चांगलं सांगत नाही. ताबा कधी मिळाला, गळती कळवल्यावर माणूस किती दिवसांनी आला, असं विचारलं की तारखा बाहेर येतात. ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरने तक्रारीनंतर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करावा, असं रेरा कायदा सांगतो. इथे गच्चीच्या गळतीला दोन पावसाळे गेले होते.

भाचा म्हणाला, "पण मामा, नव्या प्रकल्पाला रेरा नंबर आहे की!" नंबर हवाच, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवले गेले आणि 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा 65 इमारती पाडण्याचा आदेश दिला. घरं घेणारे बहुतेक साधे नोकरदार.

म्हणून बांधकाम परवानगीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या आणि महापालिकेच्या बांधकाम विभागात जाऊन ताडून पाहा. एक हेलपाटा पडेल, पडू द्या. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागताच येत नाही, तेव्हा घाई त्याला असेल, तुम्हाला नाही.