१४ खाचरं आणि १३ एचपी

माझा मावसभाऊ गेल्या उन्हाळ्यात यंत्र घ्यायला निघाला. कुडाळकडच्या त्याच्या गावात अडीच एकर भातशेती आहे, पण ती १४ खाचरांत विखुरलेली. एकाखाली एक उतरत गेलेली ही खाचरं. सर्वांत मोठं १२ गुंठ्यांचं, सर्वांत लहान जेमतेम तिघांचं. दुकानात त्याच्यापुढे दोन यंत्रं उभी केली गेली, १३ एचपीचा पॉवर टिलर आणि २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर. "दादा, जवळजवळ दुप्पट ताकद," विक्रेता ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला. भाऊ घरी आला तो ट्रॅक्टरच्या बाजूने झुकूनच.

ही दुप्पट ताकद जाते कुठे, ते आधी बघायला हवं. मध्यम जमिनीत रोटाव्हेटर चालवायचा तर त्याच्या रुंदीच्या दर फुटामागे साधारण ६ एचपी लागतात. पॉवर टिलरची रोटरी सुमारे २ फुटांची असते आणि २४ एचपीच्या ट्रॅक्टरला ४ फुटांचा रोटाव्हेटर लावतात. भागून पाहा. जमिनीत शिरणाऱ्या प्रत्येक पात्याच्या वाट्याला दोन्हीकडे जवळपास सारखंच बळ येतं. मोठं यंत्र माती फार खोल किंवा फार बारीक करेल असं नाही, ते एका फेरीत जास्त रुंद पट्टा उरकतं. शिवाय पत्रकावर छापलेला आकडा इंजिनचा असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओ दांड्यापर्यंत त्यातले ८५ टक्क्यांच्या आसपास पोचतात आणि रोटाव्हेटर फिरतो तो त्या दांड्यावर. म्हणून विचारायचं ते पीटीओ एचपी.

एचपी म्हणजे रुंदी असेल, तर खरा प्रश्न उरतो की ती रुंदी आपल्या शेतात मावते का. मी भावाला टेप घेऊन खाचरांवर पाठवलं. चार खाचरांकडे जायची वाट साडेतीन फुटांची निघाली. ट्रॅक्टर तिथे बांध फोडूनच गेला असता. लहान खाचरांत ट्रॅक्टर नांगरण्यापेक्षा वळण्यातच जास्त वेळ घालवतो, आणि कोपरे शेवटी कुदळीनेच खणावे लागतात. पॉवर टिलर जागच्या जागी वळतो. माणसांनी धरून त्याला एका खाचरातून दुसऱ्यात उतरवता येतं, पण फळी टाकून आणि जपून, कारण रोटरीसकट त्याचं वजन चारशे किलोंच्या वर जातं.

इथे एक धोका सांगायलाच हवा, कारण दुकानात सपाट फरशीवर तो कळत नाही. टिलरच्या दोन्ही मुठींना वळण्यासाठी क्लच असतात. डावा दाबला की यंत्र डावीकडे वळतं. तीव्र उतारावरून खाली येताना मात्र हे उलटं होऊ शकतं. मोकळं सोडलेलं चाक वजनाच्या रेट्याने जास्त वेगाने धावतं आणि यंत्र उजवीकडे झेपावतं. म्हणून उतारावर हे क्लच दाबायचे नाहीत, हॅन्डलच्या जोरावरच दिशा द्यायची.

निफाडचा द्राक्षबागायतदार हाच हिशेब वेगळा मांडेल आणि ते बरोबरच असेल. त्याच्या ओळी सरळ आणि मोकळ्या असतात, फवारणीचा ब्लोअर पीटीओवर चालतो आणि वर्षातून तो किती वेळा फिरवावा लागतो याची गणती नाही. तिथे टिलरचा उपयोग नाही. अरुंद बांध्याचा मिनी ट्रॅक्टरच हवा.

आता डिझेल. दुकानदार तासाचा खप सांगतो आणि तो ऐकायला गोड वाटतो: टिलर तासाला सव्वा-दीड लिटर, ट्रॅक्टर तीनच्या आसपास. पण आपल्याला तास नांगरायचा नसतो, एकर नांगरायचा असतो. २ फुटांची रोटरी ताशी २ किलोमीटर चालली, वळण्यात पाव वेळ गेला, तर तासाला ९ गुंठे होतात. म्हणजे एकराला साडेचार तास आणि ६ लिटर डिझेल. ट्रॅक्टर मोकळ्या शेतात तोच एकर दोन तासांच्या आत उरकतो आणि ५ ते ६ लिटर पितो. फरक फारसा राहिलाच नाही. फरक पडतो तो पायांना: २ फुटांच्या पट्ट्याने एक एकर म्हणजे पावणेसात किलोमीटर चिखलात चालणं. भावाचं वय ५२. हाही आकडा हिशेबात धरायला हवा.

भावाच्या अडीच एकरांवर दोनदा नांगरणी आणि दोनदा चिखलणी धरली तर वर्षाला १० एकरांचं काम होतं, म्हणजे ६० लिटर डिझेल. एकरामागे एक लिटर वाचला तरी वर्षाला १० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ९०० रुपये. एवढ्यासाठी यंत्र बदलायची गरज नाही. मात्र चाचणी जरूर घ्यावी: टाकी गळ्यापर्यंत भरायची, मोजलेल्या तुकड्यावर यंत्र चालवायचं आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरताना किती लागलं ते मापाने बघायचं. काम करताना सतत काळा धूर येत असेल तर इंजिनावर भार जास्त आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. डिझेल जळण्याऐवजी धुराड्यातून जातंय.

पैसा खरा बुडतो तो यंत्र बंद पडल्यावर. पाऊस लागून चिखलणीचे दिवस आले आणि त्यातले चार गेले, तर राबातली रोपं वाढून जून होतात. ते नुकसान डिझेलच्या बचतीने भरून येत नाही. चिखलात टिलरचं नेहमीचं दुखणं म्हणजे चाकाच्या धुरीवरचं ऑइल सील. ते झिजलं की पाणी आणि गाळ गिअरच्या पेटीत शिरतो. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला की समजायचं, पाणी गेलं. त्याच दिवशी तेल आणि सील बदललं तर थोडक्यात भागतं. तसंच चालवलं तर बेअरिंग आणि गिअर जातात.

म्हणून भावाला मी तिन्ही विक्रेत्यांकडे एकच गोष्ट करायला सांगितली. किंमत विचारायची नाही, तर धुरीचं सील, क्लच प्लेट आणि रोटरीच्या पात्यांचा संच काउंटरवर काढून दाखवा म्हणायचं. पहिल्याने "मागवून देतो" म्हटलं. दुसऱ्याकडे पाती होती. तिसऱ्याने तिन्ही वस्तू फळीवरून काढल्या आणि मेकॅनिकला आतून हाक मारली. स्वस्त आयात यंत्रांबाबत ही कसोटी जास्तच कडक लावावी. २०२० साली केंद्राने पॉवर टिलरच्या आयातीवर निर्बंध आणले. आयातदाराने ते मॉडेल आणणं थांबवलं, तर सुटे भाग कुठून यायचे?

कागदाची बाजू थोडक्यात. केंद्र सरकारच्या संस्थांत या यंत्रांची चाचणी होते. विक्रेत्याकडे तो चाचणी अहवाल मागावा. प्रत्यक्ष ताकद आणि इंधनाचा खप त्यात मोजून दिलेला असतो. महाडीबीटीवरून अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल करू नये.

भावाने टिलर घेतला, तिसऱ्या विक्रेत्याकडून, इतरांपेक्षा थोडा महाग. स्वतःच्या शेताला तो वर्षात ४५ तासच लागतो, म्हणून शेजारच्या दोन वाड्यांत तासावर देतो. चिखलणी सुरू असताना सील एकदा गेलंच. सकाळी तेल पांढरट दिसलं आणि दुपारी यंत्र पुन्हा खाचरात होतं, कारण जादा सील त्याने पहिल्याच दिवशी घेऊन पडवीतल्या खुंटीला टांगून ठेवलं होतं.