सुनंदा पाटील एक की दोन?

तालुक्याच्या गावातला एक मोठा दवाखाना डोळ्यांसमोर आणू. संगणकात 40,000 रुग्णांच्या नोंदी आहेत. उदाहरणापुरत्या एक सुनंदा पाटील घेऊ. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मुलाचा मोबाइल नंबर दिला. त्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, हे डॉक्टरांनी नोंदीत लिहून ठेवलं. दोन वर्षांनी त्या सुनेबरोबर आल्या आणि नंबर सुनेचा दिला. संगणकाला तो सापडला नाही, म्हणून त्यानं नवा केसपेपर काढला. या केसपेपरवर अ‍ॅलर्जीचा रकाना कोरा आहे.

‘हा नंबर आधी आला आहे का?’ एवढंच संगणकाला विचारलं होतं आणि त्याचं उत्तर बरोबर होतं. ‘ही बाई आधी आली आहे का?’ हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

काही दुबार नोंदी नुसत्या साफसफाईनं टळतात. नंबराआधीचा शून्य किंवा +91 काढून शेवटचे दहा आकडे ठेवले, की एकच नंबर तीन तऱ्हांनी साठत नाही. ईमेलचंही तसंच. जीमेल पत्त्याच्या नावातली टिंबं जमेस धरत नाही आणि अधिकचिन्हापुढे काहीही लिहिलं तरी टपाल त्याच पेटीत पडतं. पण मुलाचा नंबर आणि सुनेचा नंबर कितीही साफ केले तरी वेगळेच राहणार.

मग ‘एका नंबरावर एकच नोंद’ असा नियम केला तर? ज्या घरात चौघांत एकच फोन आहे, तिथले तिघं बाहेर राहतील. शिवाय बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. नंबर निरोप पोचवायला चांगला. माणूस ओळखायला अपुरा.

म्हणून माणसाबरोबर राहणाऱ्या गोष्टी विचाराव्या लागतात. त्यातही सगळ्यांचं वजन सारखं नसतं. नाव रोमन लिपीत टंकलं की ज्ञानेश्वरचा कुणी Dnyaneshwar करतो, कुणी Gyaneshwar. उच्चारावरून नावं जुळवणारी ‘साउंडेक्स’ ही जुनी पद्धत अमेरिकेत इंग्रजी वळणाच्या नावांसाठी निघाली. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते, त्यामुळे हे दोघं तिच्या हिशेबी वेगळे ठरतात. नाव देवनागरीत घेतलं तर ही अडचण बरीच कमी होते. लग्नानंतर मात्र आपल्याकडे बाईचं मधलं नाव आणि आडनाव, दोन्ही बदलतात. आईचं नाव बदलत नाही. म्हणून तो रकाना मोलाचा.

जन्मतारीख भक्कम वाटते. पन्नास वर्षांत साधारण 18,250 तारखा येतात. त्या सारख्या वाटल्या गेल्या असत्या, तर 40,000 रुग्णांत एका तारखेला दोघंच भेटले असते. पण महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकली आहे. सुनंदाबाईंचीही तीच. 17 ऑक्टोबर जुळली तर तो मोठा पुरावा; 1 जून जुळली तर फारच हलका.

जुळणीला असं वजन देण्याचं गणित इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर यांनी 1969मध्ये मांडलं. दुर्मीळ गोष्ट जुळली तर गुण जास्त, सर्रास आढळणारी जुळली तर कमी, आणि सहसा न बदलणारी गोष्ट जुळली नाही तर वजाबाकी. बेरीज खूप मोठी आली तर नोंद एकाच माणसाची, खूप लहान आली तर दोघांची. मधल्या पट्ट्यातल्या जोड्या माणसानं तपासायच्या.

हा मधला पट्टा दवाखान्यात रुंदच हवा. दोन वेगळ्या सुनंदा पाटील चुकून एक केल्या, तर एकीचा रक्तगट दुसरीच्या कागदावर जातो. ते दुबार नोंदीपेक्षाही वाईट. म्हणून एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा सुट्या करता येतील, अशी सोय ठेवावी लागते. एकाच केसपेपरवर दोन रक्तगट दिसले, तर दोन माणसं मिसळल्याची शंका घ्यायची.

घरबसल्या नोंदणी करणाऱ्याला पडद्यावर ‘तुम्ही आधीच नोंदलेले आहात’ म्हणून जुनी माहिती दाखवणंही धोक्याचं. समोरचा भलताच कुणी असेल, तर परक्याचा आजार त्याच्या हाती जाईल. अशी जोडी खिडकीवरच्या तपासणीसाठी राखून ठेवावी.

सुनंदाबाई सुनेबरोबर आल्या, त्या दिवशी ही पद्धत असती तर नवा केसपेपर निघण्याआधीच खिडकीवरच्या मुलीला पडद्यावर तीन जुनी नावं दिसली असती. तिघी सुनंदा पाटील, तिघींची तारीख 1 जून. ‘तुमच्या आईचं नाव वत्सला का?’ असं तिनं विचारायचं नाही. घाईत आणि गोंगाटात माणसं कशालाही हो म्हणतात. ‘मावशी, आईचं नाव काय तुमच्या? माहेर कुठलं?’ असं विचारायचं. दोन्ही उत्तरं तिघींपैकी एकीशीच जुळली, की तिचाच जुना केसपेपर उघडायचा, मुलाच्या नंबराखाली सुनेचा नंबर लिहायचा आणि पेनिसिलिनची नोंद असलेला तोच कागद डॉक्टरांकडे आत पाठवायचा.