उतरलेला ताप परत चढतो तेव्हा

मार्च २०२३ मध्ये देशभर ताप आणि चिवट खोकल्याची साथ पसरली होती. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांसाठी एक सूचना काढली. यातले बहुतेक रुग्ण एच३एन२ या इन्फ्लुएन्झा विषाणूचे आहेत. त्यांचा ताप तीनेक दिवसांत उतरेल, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकेल. त्यांना अँटिबायोटिक देऊ नका, असा तिचा आशय होता. अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिक्लॅव या दोन औषधांचा तिच्यात नाव घेऊन उल्लेख होता. लोक ती दोनतीन दिवस घेतात आणि बरं वाटलं की सोडून देतात, हे डॉक्टरांच्या या संघटनेला दिसत होतं.

या तीन दिवसांतच सगळा घोळ आहे. फ्लूचा ताप पहिल्या दिवशी अचानक चढतो, अंग ठणकतं, डोकं फुटायला येतं. दुसऱ्या दिवशी माणूस मेडिकलमधून पाचशेच्या तीन गोळ्यांची अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप आणतो. गोळ्या संपतात तेव्हा आजाराचा चौथा दिवस असतो आणि ताप गेलेला असतो. गोळ्या घेतल्या नसत्या तरी तो त्याच सुमारास गेला असता. पण श्रेय गोळीला मिळतं, आणि पुढच्या तापाला घरात कुणीतरी म्हणतंच, ‘मागच्या वेळी हिनंच गुण आला होता.’

अँटिबायोटिक जिवाणूच्या शरीरातल्या ठरावीक जागी घाव घालतं. अमॉक्सिसिलिन जिवाणूची बाहेरची भिंत बांधू देत नाही. अझिथ्रोमायसिन त्याचं प्रथिनं तयार करण्याचं यंत्र बंद पाडतं. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला अशी भिंतही नसते आणि असं यंत्रही नसतं. तो आपल्या श्वासनलिकेच्या पेशीत शिरून तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती करून घेतो. त्यामुळे औषध कितीही ‘पॉवरचं’ असलं तरी विषाणूत त्याला पकडायला काही सापडत नाही. विषाणूवर चालणारं औषध वेगळं आहे: ऑसेल्टामिविर. लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत दिलं तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. गर्भवती स्त्रिया, वृद्ध, दमा-मधुमेह-हृदयविकार असलेले आणि दाखल करावे लागणारे रुग्ण यांना ते प्राधान्याने देतात. गंभीर रुग्णाला दोन दिवस उलटून गेले तरी देतात.

‘न्यूमोनिया’ हा शब्द कानावर पडला की मात्र धीर सुटतो, आणि अँटिबायोटिक हवंच असं वाटू लागतं. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाच्या वायुकोशांना आलेली सूज. ती जिवाणूमुळे येऊ शकते, तशी निव्वळ विषाणूमुळेही येते. विषाणूच खाली फुप्फुसात उतरला तर मधे बरं वाटण्याचा काळ बहुधा येतच नाही. ताप, खोकला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वाढत जाणारी धाप असा तो सलग चढतो. एक्स-रेमध्ये बहुधा दोन्ही बाजूंना विखुरलेले धूसर डाग दिसतात. हा आजार गंभीर असतो, पण त्याला लागतो तो ऑक्सिजन, विषाणूविरोधी औषध आणि बारीक देखरेख. कोविडच्या काळात हा फरक सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच सोबत जिवाणूसंसर्ग होता. अँटिबायोटिक मात्र चारांतल्या तिघांना मिळालं होतं.

मग अँटिबायोटिकचा प्रश्न कधी येतो? त्यासाठी १९१८ च्या साथीकडे जावं लागतं. त्या वर्षी मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात लाखो माणसं मारली. त्या साथीतल्या ५८ मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे तुकडे अमेरिकी संशोधकांनी पुन्हा तपासले आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणूने केलेली नासधूस त्यांना दिसलीच, पण तिच्यावर जिवाणूंच्या न्यूमोनियाचीही स्पष्ट खूण होती. त्या साथीतले बहुतेक मृत्यू या दुसऱ्या संसर्गाने झाले असावेत, असं त्यांचं अनुमान आहे. १९१८ साली अँटिबायोटिक नव्हती. आज आहेत, म्हणूनच ती योग्य दिवशी आणि योग्य माणसाला मिळायला हवीत.

हा दुसरा संसर्ग शिरतो कसा, हे समजलं की त्याचा दिवसही समजतो. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ, कफ आणि जंतू वर घशाकडे ढकलतात. फ्लूचा विषाणू हे अस्तरच सोलून काढतो. उघड्या पडलेल्या जागी जिवाणूंना चिकटायला सोपं जातं. शिवाय जंतू गिळणाऱ्या फुप्फुसातल्या पेशी काही दिवस मंदावलेल्या असतात. न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, हिमोफिलस हे जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकाघशात एरवी निमूट राहत असतात. त्यांना आता खाली उतरायला वाट मिळते. हे सगळं व्हायला वेळ लागतो. म्हणून जिवाणूंचा न्यूमोनिया बहुधा पहिला ताप उतरल्यानंतर, आजार सुरू झाल्यापासून पाच ते दहा दिवसांच्या आसपास डोकं वर काढतो.

समजा, मधुमेह असलेल्या ४८ वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. सोमवारी दुपारी वर्गातच त्यांना थंडी वाजून १०२ ताप भरला. बुधवारी तो शंभरावर आला, शुक्रवारी पूर्ण उतरला. खोकला होता, अशक्तपणा होता, पण शनिवारी त्या शाळेत गेल्या. रविवारी रात्री हुडहुडी भरली आणि ताप १०३ झाला. खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखी कळ येऊ लागली. कोरडा खोकला ओला झाला आणि विटकरी रंगाचा घट्ट बेडका पडू लागला. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी मोजलं तेव्हा श्वास मिनिटाला २८ होते आणि ऑक्सिजन ९२. स्टेथोस्कोपने उजवीकडे खाली करकर ऐकू येत होती, आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग एकसंध पांढरा दिसत होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी १८ हजार होत्या. एरवी त्या चार ते अकरा हजार असतात.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर निर्णायक नाही. सगळ्यांत मोलाची आहे ती शुक्रवार ते रविवारची उघडीप आणि तिच्यानंतरची उलटी चाल. डॉक्टर त्यांना दाखल करून घेतील, अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चरसाठी रक्त आणि बेडका घेतील, आणि मग इंजेक्शन लगेच सुरू करतील. कल्चरचा अहवाल यायला दोनतीन दिवस लागतात, तोवर थांबता येत नाही. फ्लूची तपासणी अजून पॉझिटिव्ह येऊ शकते. ती आली म्हणून जिवाणू नाही असं ठरत नाही. या घडीला दोघेही असू शकतात, आणि औषधंही दोन्ही चालू राहतील.

आता याच शाळेतले तिशीतले, कुठलाही जुना आजार नसलेले शिक्षक घ्या. त्यांनाही त्याच आठवड्यात फ्लू झाला. आज नववा दिवस, खोकला थांबत नाही, सकाळी पिवळा-हिरवा कफ पडतो. पण ताप पुन्हा आलेला नाही, जिना चढताना धाप लागत नाही, जेवण पूर्ववत आहे. त्यांना अँटिबायोटिक नको. कफाचा हिरवा रंग जिवाणूंचा नसतो. जंतूंशी लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा तो रंग असतो आणि विषाणूसंसर्गातही तो दिसतो. रंग बदलला म्हणून गोळ्या सुरू करण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजली आहे, आणि तिला आधार नाही.

‘पुढे होऊ नये म्हणून आधीच घेऊन ठेवलेलं काय वाईट?’ हा प्रश्न रास्त आहे. पण दुसऱ्या दिवशी घेतलेली गोळी सातव्या दिवसाचा न्यूमोनिया भरवशाने टाळत नाही. ती नाकाघशातले औषधाला दबणारे जिवाणू मारते आणि न दबणारे मागे ठेवते. पुढे न्यूमोनिया झालाच तर तो या उरलेल्यांकडून होण्याची शक्यता वाढते. जुलाब, पुरळ हा त्रास वेगळा. अझिथ्रोमायसिनने काही हृदयरुग्णांच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

डॉक्टरांसाठीही हा निर्णय दर वेळी सोपा नसतो. सीआरपी ही तपासणी निव्वळ फ्लूमध्येही वाढलेली दिसते. प्रोकॅल्सिटोनिन कमी आलं तर जिवाणूची शक्यता घटते, पण नाहीशी होत नाही. म्हणून रुग्ण पहिल्यापासूनच अत्यवस्थ असेल, सुधारून पुन्हा बिघडला असेल, किंवा विषाणूविरोधी औषधाने तीन ते पाच दिवसांत फरक पडला नसेल, तर जिवाणूचा शोध घ्यायचा, अशी दिशा अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये दिली. अत्यवस्थ रुग्णाला अँटिबायोटिक आधी सुरू करून ४८ ते ७२ तासांनी, जिवाणूचा पुरावा नसेल आणि प्रकृती सुधारत असेल तर, बंद करणंही योग्यच आहे. ‘कोर्स अर्धवट सोडू नये’ हा नियम तिथे लागू होत नाही. पण ते थांबवणं डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

सगळ्यांच्या आजाराला अशी उघडीप येईलच असंही नाही. स्टॅफिलोकॉकसचा न्यूमोनिया फ्लूच्या ऐन भरातच येऊ शकतो. रक्ताळलेला बेडका पडतो आणि काही तासांत माणूस खालावतो. वृद्धांमध्ये ताप फारसा चढत नाही. आजोबा असंबद्ध बोलू लागले, जेवेनासे झाले, सारखे झोपून राहिले, एवढीच खूण असते. दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू असेल तर परतलेला ताप झाकला जातो, म्हणून गोळी देण्याआधी थर्मामीटर लावावा. लहान मुलांमध्ये ती शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिने ते वर्षाच्या आत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, किंवा श्वासासोबत छाती आत ओढली जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोठ्या माणसाचा श्वास बसल्या जागी तिसाच्या घरात गेला किंवा एरवी निरोगी असताना ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, तर रात्र काढू नये.

दवाखान्यात जाताना ताप कधी आला, कधी उतरला आणि परत कधी आला, त्या तारखा लिहून न्याव्यात. मधल्या काळात कुठलं अँटिबायोटिक घेतलं असेल तर संकोच न करता तेही सांगावं, जमल्यास स्ट्रिप दाखवावी. दोन गोळ्याही पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये जिवाणू अनेकदा वाढत नाही, अहवाल कोरा येऊ शकतो, आणि मग नेमका शत्रू कोण हे न कळताच डॉक्टरांना औषध निवडावं लागतं.