पीडीएफ उघडत नाही, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

फाईल खराब झाली आहे, दुरुस्त करता येत नाही, असा संदेश पडद्यावर आला की बहुतेकांना वाटतं, आतली पानंच गेली. प्रत्यक्षात पुष्कळदा पानं जागच्या जागी असतात. हरवलेली असते ती पानांपर्यंत नेणारी यादी, आणि ती यादी फाईलच्या शेवटी असते. पीडीएफच्या बिघाडातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. ती लक्षात आली की काय परत मिळेल आणि काय मिळणार नाही, याचा अंदाज दुरुस्तीला हात घालण्याआधीच बांधता येतो.

अडोबी कंपनीने 1993 मध्ये आणलेली ही रचना 2008 पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. फाईलची सुरुवात `%PDF-1.4` किंवा `%PDF-1.7` अशा ओळीने होते. पुढे पानं, चित्रं, अक्षरांचे फाँट असे घटक एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. सगळे घटक लिहून झाल्यावर कोणता घटक कितव्या बाईटपासून सुरू होतो याची अनुक्रमणिका लिहिली जाते. ती शेवटी येण्यामागे साधं कारण आहे : फाईल तयार करणाऱ्या प्रोग्रामला हे आकडे सगळं लिहून झाल्यावरच कळतात. अगदी टोकाला पुढच्यासारख्या तीन ओळी असतात.

```
startxref
116892
%%EOF
```

अनुक्रमणिका 116892 व्या बाईटपाशी आहे, असं मधला आकडा सांगतो. फाईल उघडणारा प्रोग्राम शेवटाकडून सुरुवात करतो, हा आकडा वाचतो, त्या जागी उडी मारतो आणि तिथून पानं शोधतो. त्यामुळे शेवटचा एवढासा तुकडा नसला, तरी शेकडो पानांची फाईल बंद पडू शकते.

शेपूट तुटतं ते मुख्यतः डाऊनलोड अर्धवट राहिल्याने. रेंज गेली, मोबाईलची जागा संपली, किंवा कॉपी पूर्ण होण्याआधी पेनड्राईव्ह ओढून काढला, की नाव आणि चिन्ह पीडीएफचं राहतं, पण मजकूर मध्येच संपतो. म्हणून पहिली तपासणी आकाराची. पाठवणाऱ्याकडे फाईल 18 एमबीची असेल आणि आपल्याकडे 11 एमबी दिसत असेल, तर उत्तर तिथेच मिळालं. पुन्हा मागवणं किंवा पुन्हा डाऊनलोड करणं हाच सर्वांत चांगला उपाय, आणि तो शक्य असताना दुसरं काही करत बसू नये.

दुसरी तपासणी फाईलच्या दोन्ही टोकांची. फाईलची एक प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडायची. आत बहुतेक अगम्य चिन्हं दिसतील, पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाचता येते. इथे एक पथ्य कटाक्षाने पाळायला हवं : नोटपॅडमधून ती फाईल सेव्ह करायची नाही. नोटपॅड तिला साधा मजकूर समजतो आणि सेव्ह करताना आतले बाईट बदलू शकतो. तसं झालं, तर चांगली पानंही कायमची बिघडतात.

पहिल्या ओळीत `%PDF` ऐवजी `<!DOCTYPE html>` किंवा `<html` दिसलं, तर ती फाईल मुळात पीडीएफच नाही. एखाद्या पोर्टलवर लॉगिनची मुदत संपलेली असते. डाऊनलोडचं बटण दाबल्यावर सर्व्हर दाखल्याऐवजी लॉगिनचं पान पाठवतो आणि ब्राऊझर ते पीडीएफच्या नावाने साठवतो. अशी फाईल बऱ्याचदा काही केबींचीच असते. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पुन्हा लॉगिन करून दाखला घ्यायचा. आकार बरोबर, पण नोटपॅडमध्ये सगळं कोरं दिसतंय, असं असेल तर आत नुसते शून्य बाईट भरलेले असण्याची शक्यता मोठी. जागा राखली गेली, मजकूर लिहिलाच गेला नाही. अशा फाईलमधूनही काही निघत नाही.

सुरुवात ठीक आहे आणि फक्त अनुक्रमणिका चुकली आहे, अशा वेळी मात्र काम सोपं असतं. प्रोग्राम सगळी फाईल पहिल्यापासून चाळतो, घटकांचे क्रमांक शोधतो आणि नवी अनुक्रमणिका बांधतो. क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राऊझर असा प्रयत्न स्वतःहून करतात. म्हणून एका ठिकाणी न उघडलेली फाईल ब्राऊझरमध्ये ओढून टाकून पाहावी. उघडली, तर प्रिंटमध्ये जाऊन तिथूनच नवी पीडीएफ सेव्ह करावी. अ‍ॅक्रोबॅटही अशी डागडुजी गुपचूप करतो. काहीही न बदलता फाईल बंद करताना तो बदल सेव्ह करायचे का असं विचारू लागला, तर आत दुरुस्ती झाल्याची ती खूण असू शकते.

ब्राऊझरला जमलं नाही, तर `qpdf` हा मोफत प्रोग्राम हाताशी असावा. पहिली आज्ञा दोष सांगते, दुसरी नवी फाईल लिहिते.

```
qpdf --check june.pdf
qpdf june.pdf nave.pdf
```

आता अवघड प्रकरण. समजा, जुन्या खरेदीखताची चाळीस पानं स्कॅन केलेली आहेत. मूळ फाईल 18 एमबीची होती, ती ज्या संगणकावर होती तो गेला, आणि हाती उरली आहे ती 11 एमबीची अर्धवट प्रत. अनुक्रमणिका नाही. फाईलची मूळ नोंद, म्हणजे सगळ्या पानांची साखळी जिथून सुरू होते ती, अनेकदा शेवटाकडेच लिहिलेली असते. तीही गेली असेल, तर वरचे उपाय हात टेकतात.

पण स्कॅनचं प्रत्येक पान बहुधा एक जेपेग चित्र असतं आणि ते चित्र पीडीएफच्या पोटात जसंच्या तसं बसवलेलं असतं. जेपेगची सुरुवात आणि शेवट ठरलेल्या बाईटांनी ओळखता येतात. त्यामुळे पीडीएफची रचना बाजूला ठेवून नुसती चित्रं उपसून काढता येतात. लिनक्सवर `foremost` हे काम करतो.

```
foremost -t jpg -i june.pdf
img2pdf output/jpg/*.jpg -o pane.pdf
```

पहिली आज्ञा चित्रं `output` नावाच्या फोल्डरमध्ये टाकते, दुसरी ती जोडून नवी पीडीएफ बनवते. एका पानाला साधारण 450 केबी धरले, तर 11 एमबीत चोवीस पानं पूर्ण मिळायला हवीत, पंचविसावं अर्धवट असेल. उरलेली पानं त्या फाईलमध्ये कधी आलीच नव्हती. ती कोणताही प्रोग्राम देऊ शकत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. शिवाय ही युक्ती जेपेग असलेल्या स्कॅनपुरतीच चालते. काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी काही यंत्रं वेगळी पद्धत वापरतात, आणि टाईप केलेल्या मजकुराची पानं चित्रं नसतातच.

मजकुराच्या पानाचा तपशील सहसा दाबून साठवलेला असतो. त्यातला एक बाईट बदलला, तर त्या जागेपासून पुढचा भाग उलगडत नाही. तोटा बहुधा त्या पानापुरता राहतो. 2003 च्या 1.5 आवृत्तीपासून मात्र अनेक छोटे घटक एकत्र दाबून ठेवता येऊ लागले. फाईल लहान झाली, पण असा एक गठ्ठा बिघडला की त्यातले सगळेच घटक एकदम जातात.

फुकट दुरुस्ती करून देणाऱ्या संकेतस्थळांवर खरेदीखत, आधार किंवा वैद्यकीय अहवाल चढवणं धोक्याचं आहे. फाईल परक्या सर्व्हरवर जाते, आणि तिथे होणारं काम बऱ्याच वेळा `qpdf` घरच्या संगणकावर करतो तेच असतं. ई-आधारची फाईल पासवर्ड मागत असेल, तर तिच्यात बिघाडही नसतो. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष टाकलं की ती उघडते.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचं गणित वेगळं आहे. स्वाक्षरी फाईलच्या ठरावीक बाईटांवर केलेली असते. दुरुस्तीत फाईल नव्याने लिहिली जाते, बाईटांच्या जागा बदलतात आणि स्वाक्षरी अवैध ठरते. पान पूर्वीसारखंच दिसेल, वाचताही येईल, पण बँकेत पडताळणी केली तर ती टिकणार नाही. असा उतारा बिघडला, तर तो दुरुस्त न करता महाभूमीच्या पोर्टलवरून नवा काढावा.