लोचन आणि डोला : एकाच कवयित्रीची दोन गाणी

आपल्या तुकोगंजात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मराठी भावगीते आणि कोळीगीते एकाच मंचावर होतात. भावगीत ‘शुद्ध मराठीतले’ आणि कोळीगीत ‘गावठी, नाचायचे’ अशी वाटणी मुलांच्याच नव्हे, पालकांच्याही मनात असते. या अंकात आम्ही अशी दोन गाणी घेतली आहेत, की ती शेजारी ठेवली म्हणजे ही वाटणी टिकत नाही. एक ‘तोच चंद्रमा नभात’, सुधीर फडक्यांनी चाल लावून स्वतः गायिलेले. दुसरे ‘वादळवारं सुटलं गो’, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि आवाज लतादीदींचा, ज्यांचा जन्म १९२९ साली आपल्याच इंदूरचा. दोन्ही गीते शान्ता शेळके यांची आहेत. शान्ताबाई (१९२२–२००२) मराठीच्या प्राध्यापिका होत्या, त्यांनी कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला. जन्म इंदापूरचा, म्हणजे समुद्रापासून पुष्कळ लांबचा. तेव्हा एक भाषा त्यांची ‘खरी’ आणि दुसरी ‘उसनी’ असे म्हणता येत नाही. दोन्ही त्यांनी निवडून वापरल्या.

पहिल्या गाण्यात सर्व काही पूर्वीसारखेच आहे, चंद्र तोच, माणसेही तीच, फक्त प्रेमातली धुंदी उरलेली नाही. ही मूळ कल्पना एका जुन्या संस्कृत श्लोकातली. दुसऱ्या गाण्यात नवरा वादळात होडी घेऊन गेला आहे आणि बायको घरी एकटी जागी आहे.

शब्द पाहू. पहिल्यात चंद्रमा, नभ, यामिनी, कामिनी, नीरवता, समीप, लोचन असे शब्द येतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हे शब्द आम्हाला प्रथम प्रसाद आणि महादेवींच्या कवितेत भेटले. आमच्या विद्यार्थ्यांचेही तसेच आहे. ‘यामिनी’ त्यांना चटकन कळते. अडतात ते दुसऱ्या गाण्यात: खोप म्हणजे झोपडी, कूड म्हणजे काटक्या-कामट्यांची, वरून लिंपलेली भिंत, नाखवा म्हणजे होडीचा मालक. पुण्या-मुंबईच्या मुलाला ज्ञानाचे वाटणारे शब्द आपल्याकडे ओळखीचे, आणि घरगुती शब्द परके. हा उलटा प्रकार इंदूरकर शिक्षकाने लक्षात ठेवावा, कारण शब्द कळला म्हणजे त्याचा सूर कळला असे होत नाही. (एक जपायचे: पहिल्या गाण्यात चित्राला ‘देखणे’ म्हटले आहे, ते हिंदीतले ‘देखना’ नव्हे. सुंदर, असा अर्थ.)

आता खरी गंमत. एक प्रतिमा दोन्ही गाण्यांत आहे: डोळ्यांतले स्वप्न. पहिल्या गाण्यात ‘लोचनी’ पूर्वीचे ‘स्वप्न’ राहिलेले नाही. दुसऱ्यात जाग्या ‘डोल्यांत’ ‘सपान’ मिटून गेले आहे. व्याकरणाने पाहिले तर गोष्ट एकच, पण अदलाबदल करून पाहा. कोळणीच्या तोंडी ‘लोचन’ घाला. वादळाच्या रात्री जागणारी बाई एकदम रंगमंचावर उभी राहिल्यासारखी वाटेल. डोळे चुरचुरतात, डोळ्यांत कचरा जातो, डोळे येतातही. लोचन कधी कुणाचे आलेले ऐकले नाहीत. लोचन फक्त पाहतात आणि सुंदर असतात. उलट पहिल्या गाण्यात ‘डोळ्यांत’ घातले तर ओळ खोटी होणार नाही, पण त्या माणसाला रडू फुटेल अशी भीती वाटू लागेल. शान्ताबाईंना ते नको आहे. त्या माणसाचे दुःख रडण्याइतकेही ताजे नाही, हेच तर त्याचे दुःख आहे.

म्हणून आमचे मत असे, की तिथली संस्कृतप्रचुर भाषा केवळ सजावट नाही. समोर बसलेल्या बाईला ‘कामिनी’ म्हणणारा पुरुष तिच्याशी बोलत नसतो, तिच्या चित्राकडे पाहत असतो. याम म्हणजे प्रहर, त्यावरून यामिनी. म्हणजे रात्रही प्रहरांत मोजलेली आणि जुन्या काव्यातून आलेली. सगळे जागच्या जागी आणि सगळे थंड. मग मध्येच तो ‘कुठे?’ असे विचारतो. हा शब्द रोजचा, आपण चप्पल शोधतानाही वापरतो तो. पुढे ‘वाळल्या’ फुलांचा उल्लेख येतो, तोही साधाच शब्द. इतक्या वेळ उंच बोलणाऱ्या माणसाचा आवाज इथे खाली येतो आणि म्हणूनच तो पोचतो. संपूर्ण गाणे साध्या भाषेत असते तर हा उतार ऐकूच आला नसता.

दुसऱ्या गाण्यात याच्या उलट काम ‘गो’ आणि ‘बाय’ हे दोन लहान शब्द करतात. ही बाईने बाईला मारलेली हाक आहे. ती घरात एकटी आहे, सोबतीला कुणी नाही असे स्वतःच सांगते, तरी बोलते आहे ते कुणाला तरी. पहिल्या गाण्यात प्रेयसी हाताच्या अंतरावर असून बोलणे तिच्यापर्यंत जात नाही. इथे नवरा दर्यात दूर आहे आणि तरीही जवळ वाटतो. शिवाय भिरभिर, गडगड, फडफड, सळसळ असे नादाचे शब्द एकापाठोपाठ येतात. त्यांत ढग गडगडतात, शीड फडफडते आणि लगेच तिचा ऊर धडधडतो. भीती वाटते असे तिला वेगळे सांगावे लागत नाही, बाहेरचाच आवाज आत शिरतो. ‘ऊर’ हा शब्द पहिल्या गाण्यातही आहे, पण तिथे त्याच्या जोडीला ‘आर्तता’ आहे, आणि तीही आता नाही म्हणून आठवलेली.

‘डोल्यांत’ ऐकून आमच्या वर्गात हमखास हसू येते, कारण आपली मुलेही ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणतात आणि त्यांना तशी सवय लागू नये म्हणून आम्ही टोकतो. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. मुलांचा ‘ल’ शाळेच्या हिंदीतून येतो, तिथे ‘ळ’ नाही. (आपल्या माळवीत आहे बरे का.) कोळी बोलीत मात्र ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ नियमाने होतो. म्हणून जाळे ते ‘जालं’, आणि कुणी ते ‘कुनी’. गाताना ते ‘सुधारून’ डोळ्यांत, कुणी नाही असे म्हटले तर चूक दुरुस्त होत नाही, बाईच बदलते. मग ती वर्सोव्याची राहत नाही, आपल्या मंडळातली होते.

हे सारे चाल बाजूला ठेवून तपासावे, कारण फडक्यांची संथ चाल आणि हृदयनाथांचा ठेका शब्दांच्या आधीच मनाचा ताबा घेतात. आम्ही नववीत दोन्ही गाणी आधी नुसती वाचून घेतो, एका दमात आणि न गाता. तेव्हा एक गोष्ट तल्लख मुलांच्या ध्यानात येते. कोळीगीतातही नवरा होडीत वाकतो आणि जाळे फेकतो तिथे क्रियापदांना ‘ऊनिया’ असा शेवट आहे. हे रूप कोळीवाड्यातल्या रोजच्या बोलण्यातले नाही, ते ओव्या-अभंगांतून आलेले आहे.